रेट्रोची समरी: "टेस्टिंगला वेळच मिळत नाही" या ओळीचं काय करायचं?

टीममध्ये नवीन आलेल्या माणसाकडे बऱ्याचदा हे काम येतं, की स्प्रिंटच्या रेट्रोची समरी तू लिहून टाक. मग बोर्डावरच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा टाइप होतात, काय जमलं, काय नाही जमलं, पुढे काय करायचं अशा तीन मथळ्यांखाली, आणि पुढच्या रेट्रोपर्यंत ते पान कोणी उघडत नाही कारण त्यात उघडून बघण्यासारखं काही नसतं. ती समरी पुन्हा कशी लिहायची ते इथे एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत करून दाखवतो.

समजा दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचे 10 दिवस. चार डेव्हलपर, एक टेस्टर, एक प्रॉडक्ट ओनर. ऑनलाइन स्टोअरच्या सॉफ्टवेअरवर काम चालू आहे. रेट्रो झाल्यावर हातात आलेली समरी अशी:

जमलं नाही
- टेस्टिंगला वेळच मिळत नाही
- रिव्ह्यूला फार उशीर होतो
- रिक्वायरमेंट मधेच बदलतात
- कम्युनिकेशन सुधारायला हवं

पुढे काय करायचं
- सगळ्यांनी रिव्ह्यू लवकर करावेत
- टेस्टिंगला पुरेसा वेळ ठेवावा
- कम्युनिकेशन वाढवावं

यातलं काहीच खोटं नाहीये. लोकांनी हेच म्हटलं होतं. पण खालच्या तीन ओळी म्हणजे वरच्याच तक्रारी उलट्या करून लिहिल्यात, उशीर होतो तर उशीर करू नये, वेळ मिळत नाही तर वेळ द्यावा. असं दिसलं की समजायचं, मधला "का" कोणी विचारलाच नाहीये.

पहिलं काम: प्रत्येक ओळीमागची घटना शोधा

तक्रार "नेहमी", "सारखं", "फार" असल्या शब्दांत येते. घटना मात्र एका दिवशी, एका टिकिटावर घडलेली असते. म्हणून प्रत्येक ओळ घेऊन ती बोलणाऱ्या माणसालाच विचारायचं, "या स्प्रिंटमध्ये हे कुठल्या टिकिटावर झालं?" एवढंच. "तुला असं का वाटतं" असं विचारलं तर माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो, टिकिट विचारलं तर तो बोर्ड उघडून बघायला लागतो.

हे रेट्रो झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करा. आठवड्यानं विचारलंत तर लोकांना राग आठवतो पण टिकिट आठवत नाही. आणि हे वन टू वन मेसेजवर विचारा, सगळ्या टीमच्या ग्रुपवर नको, तिथे लगेच उत्तरं-प्रत्युत्तरं सुरू होतात.

आपल्या उदाहरणात टेस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "नऊ टिकिटं होती, त्यातली सहा माझ्याकडे गुरुवारी आणि शुक्रवारी आली." म्हणजे नवव्या आणि दहाव्या दिवशी. बघा, "टेस्टिंगला वेळच मिळत नाही" यापेक्षा हे वाक्य कितीतरी जास्त सांगतं. टेस्टिंगला वेळ कमी ठेवला होता असं नाहीये, आधीचे आठ दिवस तिच्याकडे तीनच टिकिटं होती आणि मग एकदम ढीग आला. आता प्रश्न बदलला. सहा टिकिटं इतका वेळ कुठे अडकली होती?

"कम्युनिकेशन सुधारायला हवं" ही ओळ तर कधीच तशी ठेवू नका, तिच्यात काहीही मावतं. ज्यानं लिहिली होती त्याला विचारलं तर त्याचा अर्थ एवढाच निघाला, की सहाव्या दिवशी रिपोर्टच्या टिकिटात बदल झाला आणि त्याला तो आठव्या दिवशी कळला. म्हणजे ती ओळ "रिक्वायरमेंट मधेच बदलतात" याचाच दुसरा अर्धा भाग होती. चार तक्रारींच्या तीन झाल्या. असं बऱ्याचदा होतं, कारण एकच गोष्ट प्रत्येकाला आपापल्या खुर्चीतून वेगळी दिसते.

मग तारखा बघा

माणसांनी सांगितलेलं आणि टूलमध्ये नोंदलेलं, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. बहुतेक बोर्डांवर टिकिट कुठल्या कॉलममध्ये कधी गेलं याची हिस्टरी असते, ती उघडा. रिव्ह्यूबद्दलची तक्रार असेल तर पुल रिक्वेस्टच्या वेळा बघा. गिटहब वापरत असाल आणि त्याचं कमांड लाइन टूल टाकलेलं असेल तर एवढ्यात काम होतं:

```
gh pr list --state merged --limit 100 \
  --search "merged:2025-06-02..2025-06-13" \
  --json number,createdAt,mergedAt,reviews \
  --jq '.[] | [.number, .createdAt, .reviews[0].submittedAt, .mergedAt] | @tsv'
```

तारखा तुमच्या स्प्रिंटच्या टाका. प्रत्येक ओळीत पुल रिक्वेस्टचा नंबर, ती कधी उघडली, पहिला रिव्ह्यू कधी आला आणि मर्ज कधी झाली हे दिसेल. तीन ठिकाणी फसायला होतं. वेळा यूटीसीमध्ये असतात. ड्राफ्ट म्हणून उघडलेली पुल रिक्वेस्ट असेल तर घड्याळ ड्राफ्टपासूनच चालू होतं, म्हणजे उशीर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. आणि एखादा बॉट रिव्ह्यू टाकत असेल तर पहिला रिव्ह्यू त्याचाच धरला जातो, म्हणजे उशीर दिसतच नाही. म्हणून आकडे जरा विचित्र वाटले तर ती पुल रिक्वेस्ट प्रत्यक्ष उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उदाहरणातल्या टीमच्या 11 पुल रिक्वेस्ट निघाल्या. त्यातल्या आठ पुल रिक्वेस्टना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रिव्ह्यू मिळाला होता. म्हणजे "रिव्ह्यूला फार उशीर होतो" हे बहुतेक कामाबाबत खरंच नव्हतं! उरलेल्या तीन मात्र दोन ते तीन दिवस नुसत्या पडून होत्या, आणि तिन्ही पेमेंट मॉड्यूलच्या. टीममध्ये पेमेंटचा कोड नीट माहीत असलेला डेव्हलपर एकच, आणि चौथ्या ते सहाव्या दिवशी तो प्रॉडक्शन सपोर्टवर होता. तिन्हींचा रिव्ह्यू सातव्या दिवशी झाला, दुरुस्त्या करून मर्ज व्हायला आठवा-नववा दिवस उजाडला, आणि रिफंडच्या स्क्रीनची दोन टिकिटं याच कोडवर अवलंबून होती त्यामुळे तीही मागे राहिली. सहापैकी पाच टिकिटांचा हिशोब इथेच लागला. सहावं म्हणजे ते रिपोर्टचं टिकिट.

आता "सगळ्यांनी रिव्ह्यू लवकर करावेत" हे जे ठरलं होतं ते परत वाचा. तिघे डेव्हलपर आधीच वेळेवर रिव्ह्यू करत होते, चौथा सपोर्टवर होता. हा निर्णय शंभर टक्के पाळला गेला असता तरी पुढच्या स्प्रिंटला टेस्टरकडे गुरुवारीच ढीग आला असता. म्हणून मला वाटतं समरी लिहिणाऱ्याचा सगळ्यात मोलाचा वेळ या पायरीवर जायला हवा, भाषा गुळगुळीत करण्यावर नाही.

शिकलो काय, ते एका वाक्यात

धड्याच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात. काय झालं, कशामुळे झालं असं दिसतंय, त्याचा परिणाम काय झाला. उदाहरणार्थ:

"पेमेंटच्या कोडचा रिव्ह्यू एकाच माणसाला करता येतो. तो तीन दिवस सपोर्टवर असताना तीन पुल रिक्वेस्ट थांबल्या आणि त्यामुळे पाच टिकिटं टेस्टिंगला नवव्या-दहाव्या दिवशी पोचली."

यात कोणावर ठपका नाहीये हे लक्षात आलं का? "अमक्यानं तीन दिवस रिव्ह्यू केला नाही" असंही लिहिता आलं असतं आणि तेही तारखांप्रमाणे बरोबरच ठरलं असतं. पण तो सपोर्टवर टीमनंच ठेवला होता. त्याच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी हेच झालं असतं. हीच कसोटी लावा, माणूस बदलून बघा, तरी तीच अडचण येत असेल तर धड्यात नाव नको, कामाची रचना लिहा. शिवाय रेट्रोची समरी कधी कोणाकडे फॉरवर्ड होईल याचा नेम नसतो, आणि एकदा कोणाचं नाव अशा वाक्यात अडकलं की पुढच्या रेट्रोत लोक तोंडच उघडत नाहीत.

अजून एक, तीन पुल रिक्वेस्ट म्हणजे फार मोठा पुरावा नाही. "असं दिसतंय" लिहिण्यात कमीपणा नाहीये. कारण चुकीचं निघालं तर पुढच्या वेळी बदलता येतं, फक्त ते आधी स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. "एकूण प्रोसेस सुधारायला हवी" हे कधी चूक ठरूच शकत नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकतही नाही.

रिपोर्टच्या टिकिटाचा धडा छोटा आहे. टिकिटाच्या स्वीकाराच्या अटींमध्ये रद्द झालेल्या ऑर्डर रिपोर्टमध्ये दाखवायच्या की नाही हे लिहिलंच नव्हतं, सहाव्या दिवशी प्रॉडक्ट ओनरनं दाखवायच्या असं सांगितलं पण ते एकाच डेव्हलपरशी बोलण्यात राहिलं, टिकिटात आलं नाही. म्हणजे खरं तर रिक्वायरमेंट "बदलली" नव्हती, सुटली होती.

ठरलेला बदल, आणि "ठरलं" म्हणजे कोणी ठरवलं?

इथे नवीन लोक हमखास अडखळतात. कारण शोधलं, उपाय सुचला, आणि समरीत लिहून टाकला, "यापुढे पेमेंटचा रिव्ह्यू दोघं करतील." पण हे मीटिंगमध्ये ठरलं होतं का? नाही. रेट्रोत तर पेमेंट हा शब्दही निघाला नव्हता. तुम्ही पुन्हा लिहिताय म्हणून टीमच्या तोंडी नवे निर्णय घालू शकत नाही, ज्याला विचारलंच नाही तो ते पाळणारही नाही आणि वर पुढची समरी विश्वासानं वाचणारही नाही.

म्हणून मसुद्यात दोन वेगळे शब्द वापरा, "ठरलं" आणि "सुचवलं". मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मान्य झालं तेच "ठरलं". तारखा बघून तुम्हाला सुचलं ते "सुचवलं". मग पुढच्या स्टँडअपनंतर 15 मिनिटं मागून घ्या, तारखांचा तक्ता दाखवा आणि विचारा, हे बरोबर दिसतंय का, आणि हा बदल करून बघायचा का. बहुतेक वेळा तिथे सुचवलेल्यापेक्षा चांगलं काहीतरी निघतं. या टीममध्येही तसंच झालं समजा. सुचवलं होतं की सपोर्टच्या दिवशीही त्या डेव्हलपरनं रोज एक तास रिव्ह्यूला द्यावा, पण तोच म्हणाला की प्रॉडक्शनमध्ये काही पेटलेलं असताना तो तास पहिला उडतो. मग ठरलं की पेमेंटच्या प्रत्येक पुल रिक्वेस्टचा पहिला रिव्ह्यू दुसरी एक बॅकएंड डेव्हलपर करेल, आणि पहिल्या दोन रिव्ह्यूंना तो तिच्याबरोबर बसेल.

बदल लिहिताना क्रियापद तपासा. "प्रयत्न करू", "लक्ष देऊ", "भर देऊ", "काळजी घेऊ", यातलं काहीही असेल तर ते वाक्य अजून अर्धवट आहे. झालं की नाही हे हो किंवा नाही मध्ये सांगता यायला हवं. त्यासोबत दोन गोष्टी हव्यात, कधीपर्यंत करून बघणार आणि कशावरून कळणार की उपयोग झाला.

"कशावरून कळणार" यात थोडं सांभाळून. नुसतं "पहिला रिव्ह्यू एका दिवसात" एवढंच माप ठेवलंत तर लोक घाईघाईत "ठीक वाटतंय" एवढं लिहून मोकळे होतील, आकडा सुंदर दिसेल आणि बग टेस्टरकडे जातील. म्हणून शेजारी मुळातल्या त्रासाचं माप ठेवा. त्रास होता शेवटच्या दोन दिवसांतल्या ढिगाचा, तर तोच मोजा.

ओनर एकच

"ओनर: टीम" म्हणजे ओनर नाही. "ओनर: दोन नावं" म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. एकच नाव लिहा, आणि त्या माणसानं स्वतः हो म्हटलेलं असलं पाहिजे. मीटिंगला नसलेल्या माणसाचं नाव कधीच टाकू नका, सुट्टीवरून परत आल्यावर समरीत आपलं नाव वाचणं कोणालाच आवडत नाही.

ओनरनं सगळं काम स्वतः करायचं असं नसतं. तो बदल जागा ठेवायचा, अडलं तर बोलायचं, आणि पुढच्या रेट्रोत काय झालं ते सांगायचं, हे त्याचं काम. सगळीकडे स्क्रम मास्टरचंच नाव येत असेल तर थांबा. पेमेंटच्या रिव्ह्यूत त्याला करता येण्यासारखं काय आहे? ज्याच्या कामात तो बदल दिसणार त्याच्याच जवळ ओनरशिप असावी.

बदल टीमच्या हाताबाहेरचा असला, म्हणजे समजा दुसऱ्या टीमनं काहीतरी दुरुस्त करायला हवं असेल, तर "त्यांनी दुरुस्त करावं" ही ओळ लिहून उपयोग नाही, ते तुमची समरी वाचत नाहीत. आपल्यातल्या कोणी कोणाशी कधी बोलायचं, हा तुमचा बदल.

आता पूर्ण समरी

उदाहरणात भूमिका लिहितोय, तुमच्याकडे तिथे माणसाचं नाव येईल.

धडा 1. पेमेंटच्या कोडचा रिव्ह्यू एकाच माणसाला करता येतो. तो तीन दिवस सपोर्टवर असताना तीन पुल रिक्वेस्ट दोन ते तीन दिवस थांबल्या, आणि पाच टिकिटं टेस्टिंगला नवव्या-दहाव्या दिवशी पोचली. बाकीच्या आठ पुल रिक्वेस्टचा रिव्ह्यू वेळेवर झाला.
ठरलं: पुढचे दोन स्प्रिंट पेमेंटच्या प्रत्येक पुल रिक्वेस्टचा पहिला रिव्ह्यू दुसरी बॅकएंड डेव्हलपर करेल. पहिल्या दोन रिव्ह्यूंना पेमेंटवाला डेव्हलपर सोबत बसेल.
ओनर: दुसरी बॅकएंड डेव्हलपर.
कशावरून कळेल: शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला येणारी टिकिटं सहावरून तीन किंवा कमी. टेस्टिंगमधून परत आलेली पेमेंटची टिकिटंही मोजायची, ती वाढली तर रिव्ह्यू घाईत होतोय.

धडा 2. रिपोर्टच्या टिकिटात रद्द ऑर्डरचा नियम लिहिलेला नव्हता. सहाव्या दिवशी तोंडी ठरला, दुसऱ्या डेव्हलपरला आठव्या दिवशी कळला, टिकिट उशिरा टेस्टिंगला गेलं.
ठरलं: स्प्रिंट चालू असताना ठरलेला कुठलाही नियम त्याच दिवशी टिकिटात लिहायचा, ज्यानं विचारलं त्यानंच.
ओनर: प्रॉडक्ट ओनर.
कशावरून कळेल: पुढच्या रेट्रोत तोंडी राहिलेला एकही नियम निघू नये.

बाजूला ठेवलं: काही नाही. कम्युनिकेशनची तक्रार धडा 2 मध्ये आली, टेस्टिंगच्या वेळेची धडा 1 मध्ये.

ही शेवटची ओळ विसरू नका. ज्यानं "कम्युनिकेशन" लिहिलं होतं तो समरीत आपली चिठ्ठी शोधणार, आणि ती नुसती गायब झालेली दिसली तर त्याला वाटणार आपलं कोणी ऐकलंच नाही. कुठे गेली ते एका ओळीत सांगितलं की पुरे. एखादी तक्रार या वेळी हातात घ्यायची नाही असं ठरलं असेल तर तेही इथेच, कारणासकट.

बदल दोनच घेतलेत ते मुद्दाम. एका स्प्रिंटमध्ये पाच-सहा बदल केले तर आकडा सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि सहसा एकही पूर्ण होत नाही.

पान बंद करण्याआधी

मीटिंगला नसलेल्या एखाद्याला समरी वाचायला द्या आणि विचारा, उद्या कोण काय वेगळं करणार आहे? त्याला न अडखळता सांगता आलं तर झालं. अडखळला तर तो कुठल्या शब्दावर अडखळला ते बघा, तिथेच वाक्य ढिलं राहिलंय.

मग दोन्ही बदल पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर टिकिट म्हणून टाका, बाकीच्या कामाच्या शेजारी. स्क्रम गाइडच्या 2017 च्या आवृत्तीत तर स्प्रिंट बॅकलॉगमध्ये मागच्या रेट्रोतली निदान एक महत्त्वाची सुधारणा असलीच पाहिजे असं म्हटलं होतं, 2020 च्या आवृत्तीत ती सक्ती काढून सुधारणा बॅकलॉगमध्ये घालता येतील एवढंच ठेवलं. सक्ती असो-नसो, मी घालाच म्हणेन, कारण रोजच्या स्टँडअपला जे बोर्डावर दिसत नाही त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढच्या रेट्रोची पहिली पाच मिनिटं या दोन ओळींची. प्रत्येक ओनरनं सांगायचं आणि तुम्ही जुन्या समरीतच खाली लिहायचं: झालं, अर्धवट, किंवा सोडलं. आकड्यासकट. "अर्धवट, पेमेंटच्या चारपैकी दोन पुल रिक्वेस्टचा पहिला रिव्ह्यू तिनं केला, शेवटच्या दोन दिवसांत चार टिकिटं आली" असं. सोडलं असेल तर का सोडलं ते लिहा. आणि बदल पूर्ण पाळूनही ढीग तेवढाच राहिला तर त्याला "अर्धवट" म्हणू नका, बदल झाला पण आपण शोधलेलं कारण चुकलं असं लिहा आणि तारखा पुन्हा काढायला घ्या, या वेळी रिव्ह्यूच्या आधीच्या कॉलमपासून.